पहिल्यांदा मत देणार आहात? संविधान समजून घ्यायला पुस्तक कोणतं घ्यायचं आणि ते जुनं आहे का, हे कसं ओळखायचं?

समजा, एक मुलगी आहे, सई. जन्म २० ऑगस्ट २००७. म्हणजे २० ऑगस्ट २०२५ ला तिला अठरा वर्षं पूर्ण झाली. घरात संविधानाची ओळख करून देणारं एक छोटं पुस्तक आहे. त्यात लिहिलंय, 'अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीय नागरिकाला मतदानाचा अधिकार आहे.' सईने ते वाचलं आणि तीन महिन्यांनी, २ डिसेंबरला, गावच्या नगरपरिषदेसाठी मत द्यायला केंद्रावर गेली. यादीत नाव नाही. कर्मचारी म्हणाले, "तुमचं नाव यात येणारच नव्हतं."

आता चूक कोणाची? सईला वाटलं, आपला हक्क कोणीतरी हिरावला. पण इथे पुस्तकही खोटं नाही आणि कर्मचारीही खोटं बोलत नव्हते. पुस्तकाने अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी गोष्ट संविधानात नव्हती, ती दुसरीकडे होती आणि पुस्तकाने तिकडे बोटही दाखवलं नव्हतं.

संविधान सोप्या भाषेत सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. शाळेची आहेत, स्पर्धा परीक्षेची आहेत, लहान मुलांसाठी आहेत, अभ्यासकांसाठी आहेत. त्यातलं पहिल्यांदा मत देणाऱ्याच्या कामाचं कोणतं, हे ओळखायला सईचंच उदाहरण धरून पुढे जाऊ.

सईचं नाव यादीत का नव्हतं?

पहिली पायरी संविधानाची. अनुच्छेद ३२६ सांगतो की लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने होतील. वयाची अट अठरा. पण त्याच वाक्यात एक छोटी गोष्ट आहे, जी घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. अठरा वर्षं 'कोणत्या तारखेला' पूर्ण झालेली हवीत? संविधान म्हणतं, ती तारीख कायद्याने ठरवायची. म्हणजे संविधानाने वय ठरवलं, तारीख संसदेवर सोडली.

दुसरी पायरी कायद्याची. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १४ मध्ये ही तारीख आहे. तिला 'अर्हता दिनांक' म्हणतात. पूर्वी वर्षातून एकच अर्हता दिनांक असायचा, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण झाले तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा. २०२१ च्या दुरुस्तीने हे बदललं आणि २०२२ पासून वर्षात चार तारखा झाल्या, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सईला ऑगस्टमध्ये अठरा झाले, म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ या तारखेच्या हिशेबाने ती विधानसभेच्या मतदारयादीत यायला पात्र झाली.

मग अडलं कुठे? तिसऱ्या पायरीवर. अनुच्छेद ३२६ लोकसभा आणि विधानसभेबद्दल बोलतो. नगरपरिषद त्यात नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद, महानगरपालिका यांच्या निवडणुका वेगळा आयोग घेतो, राज्य निवडणूक आयोग. १९९२ मध्ये झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ही व्यवस्था आणली. पंचायतींसाठी भाग ९ आणि शहरांसाठी भाग ९ क असे दोन नवे भाग तेव्हा संविधानात आले. हा आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेचीच यादी घेतो, पण एका ठरावीक दिवशी ती जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो. तो दिवस ठरवायचा अधिकार राज्याच्या कायद्याने आयोगाला दिला आहे. २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा आयोगाने १ जुलै २०२५ ची यादी धरली.

१ जुलैला सई सतरा वर्षांची होती. विषय संपला.

म्हणजे एका साध्या प्रश्नाचं उत्तर तीन ठिकाणी विखुरलेलं होतं. वय संविधानात, अर्हता दिनांक संसदेच्या कायद्यात आणि नगरपरिषदेसाठी कोणती यादी धरायची हे राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशात. यात कधी कधी चौथी जागाही येते, ती म्हणजे न्यायालयाचा निकाल.

पुस्तक निवडताना पहिली कसोटी हीच लावायची. लेखक तुम्हाला सांगतोय का, की ही गोष्ट संविधानात आहे, ही साध्या कायद्यात आहे आणि ही आयोगाने ठरवली आहे? सगळं एकाच सुरात 'संविधानाने दिलं' म्हणून सांगणारं पुस्तक वाचायला सोपं वाटतं, पण मतदान केंद्रावर उपयोगी पडत नाही. फरक महत्त्वाचा आहे, कारण या गोष्टी बदलायच्या तर वेगवेगळे दरवाजे ठोठवावे लागतात. मतदानाचं वय बदलायला घटनादुरुस्ती लागते. अर्हता दिनांक संसद साध्या बहुमताने बदलू शकते. नगरपरिषदेच्या यादीची तारीख आयोग एका आदेशाने ठरवतो.

'कलम' की 'अनुच्छेद'?

इथे मराठी वाचकाची एक खास पंचाईत होते. बोलताना आपण सगळ्यालाच कलम म्हणतो. कलम ३७०, कलम १४४, कलम २१. पण यातलं ३७० आणि २१ संविधानातलं आहे, तर १४४ फौजदारी प्रक्रिया संहितेतलं होतं. अधिकृत मराठीत संविधानातल्या तरतुदीला 'अनुच्छेद' म्हणतात आणि साध्या कायद्यातल्या तरतुदीला 'कलम'.

वर आलेलं उदाहरणच बघा. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम १४ मतदाराची तारीख ठरवतं. संविधानाचा अनुच्छेद १४ मात्र कायद्यापुढे सगळे समान, असं सांगतो. दोन्हींना 'कलम १४' म्हटलं की वाचणारा गोंधळणारच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्ध्या मेसेजचा घोळ इथूनच सुरू होतो. चांगलं पुस्तक हा फरक पहिल्या काही पानांतच सांगून टाकतं. ते 'कलम' हा रूढ शब्द सगळीकडे वापरत असेल तरी हरकत नाही, फक्त दर वेळी कोणत्या कायद्याचं कलम ते लिहिलेलं हवं.

पुस्तक शिळं झालंय का, हे पाच मिनिटांत ओळखा

संविधानाचं पुस्तक आणि दूध यांच्यात एक साम्य आहे, दोन्हींवर तारीख बघावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. म्हणजे सरासरी काढली तर वर्षाला एकीपेक्षा जास्त. फुटपाथवर पन्नास रुपयांत मिळणारं पुस्तक छान असेल, पण ते कधीचं आहे हे बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आवृत्तीचं साल पहिल्या पानाच्या मागे असतं. पण तिथेही फसायला होतं, कारण 'पुनर्मुद्रण' आणि 'सुधारित आवृत्ती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्याने छापला. म्हणून सालावर न थांबता आत चार खुणा शोधा.

पहिली खूण मतदानाच्या वयाची. एकवीस लिहिलं असेल तर पुस्तक १९८९ च्या आधीचं आहे. ६१ वी घटनादुरुस्ती १९८८ ची, ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली आणि वय अठरावर आलं.

दुसरी खूण लोकसभेची. 'राष्ट्रपती अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नेमतात' असं वर्तमानकाळात लिहिलं असेल तर मजकूर २०२० च्या आधीचा आहे. ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.

तिसरी खूण निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीची. डिसेंबर २०२३ च्या कायद्यानुसार पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि पंतप्रधानांनी सुचवलेले एक केंद्रीय मंत्री अशी तिघांची समिती नावाची शिफारस करते आणि राष्ट्रपती नेमणूक करतात. त्याआधी अशी समिती ठरवणारा कायदाच नव्हता. पुस्तकात या समितीचा उल्लेख नसेल तर ते २०२३ पर्यंतचंच आहे.

चौथी खूण सगळ्यात कामाची, पक्षांतराची. तिच्यासाठी थोडी जागा देऊ.

तुम्ही निवडून दिलेला आमदार पक्ष सोडून गेला तर?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या नव्या मतदाराला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. उत्तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने ती आली. निवडून आलेल्या सदस्याने स्वतःहून पक्ष सोडला किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहात मत दिलं, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं.

आता आकडे घेऊन बघू. एका पक्षाचे विधानसभेत ४५ आमदार आहेत. त्यातले १६ बाहेर पडले आणि म्हणाले, आमचा वेगळा गट. त्यांची आमदारकी राहते की जाते?

जुनं पुस्तक म्हणेल, राहते. कारण मूळ तरतुदीत एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती 'फूट' धरली जायची आणि त्यांना संरक्षण मिळायचं. ४५ चे एक तृतीयांश १५, हे तर १६ आहेत.

पण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीचं ते संरक्षण काढून टाकलं. आता अनुसूचीत संरक्षण उरलंय ते फक्त विलीनीकरणाला. म्हणजे पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला हवा आणि विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची त्याला संमती हवी. ४५ चे दोन तृतीयांश ३०. सोळा जणांना यात आधार मिळत नाही. म्हणून नवं पुस्तक म्हणेल, ते अपात्र ठरू शकतात.

'ठरू शकतात' असं म्हटलं, कारण हे आपोआप होत नाही. निर्णय सभागृहाचे अध्यक्ष देतात आणि तो किती दिवसांत द्यायचा, याची मुदत दहाव्या अनुसूचीत लिहिलेलीच नाही. इथेच कागदावरचं संविधान आणि प्रत्यक्षात चालणारं संविधान वेगळं दिसायला लागतं. २०२२ च्या महाराष्ट्रातल्या सत्तांतरानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ ला निकाल दिला. त्यात, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा, हे स्पष्ट केलं. अनुसूचीचा मजकूर नुसता वाचून हे तुम्हाला कळलं नसतं.

तर पुस्तकात दहाव्या अनुसूचीवरचं पान उघडा. 'एक तृतीयांश' हा नियम आजही लागू असल्यासारखा लिहिला असेल, तर पुस्तक वीस वर्षांहून जुनं आहे. दोन तृतीयांश लिहिलंय पण निर्णय कोण देतं हे नाही, तर पुस्तक अपुरं आहे. दोन्ही आहे आणि मुदत नसल्याची अडचणही सांगितली आहे, तर लेखकाला विषय कळलेला आहे.

मग वाचायचं काय? स्वस्तापासून सुरुवात करू

पहिलं पुस्तक बहुतेक तुमच्या घरातच होतं आणि तुम्ही ते रद्दीत दिलंत. बालभारतीचं सातवीचं नागरिकशास्त्र. २०१७ साली आलेल्या या पुस्तकात उद्देशिका, संविधानाची वैशिष्ट्यं, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं आणि कर्तव्यं असा क्रम आहे. आठवीच्या पुस्तकात संसद, कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था आणि राज्यशासन येतं. दहावीच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर आणि राजकीय पक्षांवर वेगळे धडे आहेत. आणि सईचा प्रश्न जिथे अडकला, त्या स्थानिक संस्था सहावीच्या पुस्तकात आहेत. चारही मिळून वाचायला एक रविवार पुरतो. ebalbharati.in वर पीडीएफ फुकट आहेत.

यांची मर्यादा? ही पुस्तकं व्यवस्था कशी असते ते सांगतात. ती कुठे अडते, यावर फारसं बोलत नाहीत. शाळेत असताना ते ठीक होतं, मतदार म्हणून थोडं पुढे जावं लागतं.

ते काम एनसीईआरटीचं अकरावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक करतं. इंग्रजीत नाव 'इंडियन कॉन्स्टिट्यूशन ॲट वर्क', हिंदीत 'भारत का संविधान : सिद्धांत और व्यवहार'. २००६ मध्ये हे आलं, तेव्हा त्याच्या मुख्य सल्लागारांत पुण्याचे प्राध्यापक सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव होते. नावातच पुस्तकाची रीत आहे. संविधानात काय लिहिलंय यासोबत ते प्रत्यक्षात कसं चालतं, हे त्यात व्यंगचित्रं आणि घडलेल्या प्रसंगांतून येतं.

यातला निवडणुकीचा धडा नव्या मतदाराने एकदा तरी वाचावा. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला जवळपास निम्मी मतं मिळाली आणि जागा मात्र चारशेच्या वर, म्हणजे पाचातल्या चार. हे कसं? आपल्याकडे मतदारसंघात ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो जिंकतो. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. पाच उमेदवार असतील आणि शंभर मतं ३०, २५, २०, १५, १० अशी वाटली गेली, तर तीस मतंवाला आमदार होतो आणि सत्तर जणांनी दुसऱ्याला दिलेलं मत जागांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. ही पद्धत का निवडली, दुसरी पद्धत कोणती होती, तिचे तोटे काय, हे सगळं त्या धड्यात आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. एनसीईआरटीच्या पुस्तकांतून गेल्या काही वर्षांत बराच मजकूर वगळला गेला. पळशीकर आणि यादव या दोघांनी २०२३ मध्ये आपली नावं पुस्तकांवरून काढा, असं पत्रही लिहिलं होतं. त्यामुळे जुनी छापील प्रत मिळाली आणि ncert.nic.in वरची नवी प्रतही उतरवून घेतली, तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

याच्या पुढची पायरी म्हणजे सुभाष काश्यप यांचं 'अवर कॉन्स्टिट्यूशन', हिंदीत 'हमारा संविधान'. प्रकाशक नॅशनल बुक ट्रस्ट, त्यामुळे किंमत आवाक्यात. काश्यप लोकसभेचे महासचिव होते, म्हणजे संसद आतून बघितलेला माणूस. पुस्तक संविधानाच्या क्रमाने जातं, त्यामुळे एखादा मुद्दा शोधायला सोपं पडतं. पण ते ओळीने वाचायचं पुस्तक नाही. बातमीत 'राष्ट्रपती राजवट' आली की तेवढं प्रकरण काढून वाचा, तसं ते जास्त डोक्यात राहतं.

लहान भावंडाला सोबत घेऊन वाचायचं असेल तर लीला सेठ यांचं 'वी, द चिल्ड्रन ऑफ इंडिया' आहे. लीला सेठ या देशातल्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. हे चित्रांचं पुस्तक फक्त उद्देशिकेवर आहे, तिच्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ सांगतं. निवडणुकीबद्दल त्यात फार काही शोधू नका.

एमपीएससीचं पुस्तक चालेल का?

घरात कोणी एमपीएससी किंवा यूपीएससीची तयारी करत असेल तर एम. लक्ष्मीकांत यांचं 'इंडियन पॉलिटी' कपाटात असतंच. माहिती भरपूर, आवृत्त्याही नव्या निघत राहतात, त्यामुळे शिळेपणाची भीती कमी. पण ते पुस्तक परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसाठी लिहिलेलं आहे. याद्या, तक्ते, मुद्दे. अनुच्छेद क्रमांक पाठ होतात आणि एक अनुच्छेद दुसऱ्याशी कसा जोडलेला आहे, हे मागे पडतं.

ते संदर्भासाठी ठेवा. उदाहरणार्थ, मंत्रिमंडळ किती मोठं असू शकतं, हे बघायचंय. पुस्तक सांगेल, अनुच्छेद १६४ प्रमाणे विधानसभेच्या एकूण सदस्यांच्या पंधरा टक्के. महाराष्ट्रात २८८ सदस्य, पंधरा टक्के म्हणजे ४३.२, म्हणून मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३. हा हिशेब एका मिनिटात होतो. पण ही मर्यादा आली कुठून, असं विचारलं की उत्तर पुन्हा त्या ९१ व्या घटनादुरुस्तीत मिळतं, जिने फुटीचं संरक्षण काढलं. पक्ष फोडून येणाऱ्यांना बक्षीस म्हणून मंत्रिपदं वाटता येऊ नयेत, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम केल्या. तक्त्यात हे दोन मुद्दे वेगवेगळ्या पानांवर असतात. जोडायचं काम तुमचं.

मूळ संविधान हातात घ्यायचं तर

'आधी मूळ संविधानच वाच' असा सल्ला बरेच जण देतात. हेतू चांगला, पण पहिल्या पानापासून ओळीने वाचायला बसलात तर पहिले चार अनुच्छेद राज्यांच्या नावांचे आणि सीमांचे आहेत. तिथेच पुस्तक मिटतं. मूळ संविधान शब्दकोशासारखं वापरायचं असतं.

महाराष्ट्र शासनाने काढलेली 'भारताचे संविधान' ही अधिकृत मराठी प्रत शासकीय ग्रंथागारात मिळते. ती घेतलीत तर अनुच्छेद ३२६ काढा आणि पानाच्या तळाशी बघा. अठरा वर्षांच्या उल्लेखावर छोटा आकडा असतो आणि तळटीपेत लिहिलेलं असतं की आधी इथे 'एकवीस' होतं, कोणत्या दुरुस्तीने आणि कोणत्या तारखेपासून ते बदललं. या तळटीपा वाचायची सवय लागली की पुस्तक आपोआप गोष्ट सांगायला लागतं. आकड्यापुढे अक्षर दिसलं, जसं २१ क किंवा ५१ क, तर समजायचं की हा अनुच्छेद मुळात नव्हता, नंतर मधे घातला. शिक्षणाचा हक्क देणारा २१ क हा २००२ च्या दुरुस्तीतून आला.

आणि प्रत्येक ठिकाणी 'कायद्याद्वारे', 'कायद्यानुसार' असे शब्द दिसले की थांबा. तिथे संविधान तुम्हाला सांगत असतं की पुढचा भाग दुसऱ्या पुस्तकात आहे. सईच्या पुस्तकाने नेमके हेच शब्द गाळले होते.

ठाम उत्तर देणाऱ्या पुस्तकापासून जरा सावध

'मतदान हा मूलभूत हक्क आहे का?' हा प्रश्न घेऊन कोणतंही पुस्तक तपासा. काही पुस्तकं 'हो' म्हणतात, काही 'नाही'. मूलभूत हक्क संविधानाच्या भाग ३ मध्ये आहेत आणि अनुच्छेद ३२६ भाग १५ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या कुलदीप नय्यर प्रकरणात मत देण्याचा हक्क कायद्याने मिळालेला आहे, असं म्हटलं. २०१३ च्या 'नोटा'च्या निकालात मात्र मत देताना आपली निवड व्यक्त करणं, कोणालाच न निवडणंही, अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडलं. २०२३ मध्ये निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीच्या खटल्यात पाचपैकी एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रात मतदान हा मूलभूत हक्क असल्याचं म्हटलं.

म्हणजे प्रामाणिक उत्तर एका शब्दाचं नाही. जे पुस्तक हे चार ओळींत का होईना सांगतं, त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

मतदारयादीची गोष्ट वाचायची असेल तर

शेवटचं पुस्तक थोडं जड आहे, पण सईच्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारं. ऑर्निट शानी या इतिहासकाराचं 'हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक', २०१८ चं. विषय एकच, देशाची पहिली मतदारयादी कशी तयार झाली. संविधान लागू व्हायच्या आधीच यादीचं काम सुरू झालं होतं. फाळणीतून आलेले निर्वासित, ज्यांचा पत्ताच बदललाय, त्यांची नावं कशी घालायची? असे प्रश्न घेऊन लोक पत्रं लिहीत होते आणि अधिकारी उत्तरं देत होते.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीत सुमारे सतरा कोटी तीस लाख नावं होती. आणखी सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नोंद वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. त्या बायकांनाही संविधानाने मत दिलं होतं. यादीत नाव नव्हतं, म्हणून ते वापरता आलं नाही.

सईने आता काय करायचं?

voters.eci.gov.in वर फॉर्म ६ भरायचा. सतरा वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो, त्यामुळे धाकट्या भावाचाही भरून ठेवायचा. नाव आलं की ते यादीत स्वतः शोधून बघायचं, ओळखपत्र हातात आहे म्हणजे नाव यादीत आहेच, असं धरायचं नाही. आणि निवडणूक लागली की आधी बघायचं, ही कोणत्या आयोगाची निवडणूक आणि कोणत्या तारखेची यादी धरली आहे.

तोवर सहावीचं नागरिकशास्त्र उतरवून घ्यायचं. शहरी स्थानिक शासन संस्थांचा धडा. तिचं पहिलं मत जिथे अडलं, ते तिथून सुरू होतं.